उजेड दाराकडे, अंधार चेहऱ्यावर: काळवंडलेलं फुटेज रंग न मारता कसं उचलायचं

हळदीचा कार्यक्रम जुन्या घराच्या ओटीवर होता. नवरी पाटावर, तिच्या मागे उघडं दार, दाराला झेंडूचं तोरण आणि दारापलीकडे सकाळी अकराचं ऊन पडलेलं अंगण. कॅमेरा तिवईवर लावून ऑटो एक्स्पोजरवर सोडला होता. त्याने अंगणातल्या उन्हाचा हिशेब धरला आणि ओटी अंधारात गेली. फुटेज उघडलं तेव्हा अंगण सुरेख दिसत होतं, तोरण दिसत होतं, आणि नवरीचा चेहरा मात्र गेरूच्या डागासारखा. तिच्या आईचा फोन आला, "भाऊ, सगळं दिसतंय, पण पोरीचं तोंडच दिसंना."

असं फुटेज प्रत्येक लग्नाच्या कामात निदान एकदा तरी हाती येतं. बहुतेक जण ते उचलतातही. पण उचलल्यावर हळद लिंबाच्या रंगाची होते, केस राखाडी होतात, झेंडू सपाट पिवळा दिसतो आणि दार पांढरं फटक पडतं. हे चार दोष चार वेगवेगळ्या कारणांनी येतात. कारण समजलं की कुठल्या नियंत्रणाला हात लावायचा आणि कुठल्याला नाही, हे आपोआप ठरतं. म्हणून हा एकच शॉट घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत जाऊ. काम दा विंची रिझॉल्व्हच्या कलर पेजवर केलं आहे, बहुतेक सगळं मोफत आवृत्तीत होणारं. फुटेज साधं 8 बिटचं, 4:2:0, रेक 709 मधलं आहे. लॉग किंवा रॉ नाही.

आधी मोजायचं, मग हात लावायचा

स्कोपमध्ये पॅरेड लावा. वेव्हफॉर्म नाही, पॅरेडच, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे दिसतील. याचं कारण तोरणापाशी आल्यावर कळेल. मोजपट्टी 0 ते 1023 अशी ठेवा.

आता तीन जागा मोजून कागदावर लिहा. या शॉटमधले आकडे असे होते. नवरीच्या गालावर, जिथे हळद लागली आहे तिथे, लाल 420, हिरवा 300, निळा 110. तिन्ही मिळून उजळपणा साधारण 312 भरतो. केसांचा सर्वांत काळा भाग 45 च्या आसपास. तोरणातलं केशरी फूल लाल 800, हिरवा 420, निळा 60. आणि दारातून दिसणारी अंगणाची चुन्याची भिंत 900 च्या वर, तिचा वरचा तुकडा थेट छताला टेकलेला.

त्या टेकलेल्या तुकड्याचं काय, हे आधी ठरवायचं. गेनचं मोठं चाक, म्हणजे रंगचाकाखालचं आडवं मास्टर चाक, थोडं खाली ओढून बघा. पॅरेडच्या माथ्यावरची सपाट रेघ खाली येताना उलगडली आणि तिच्यात भिंतीचा खडबडीतपणा दिसायला लागला, तर तिथे माहिती शिल्लक आहे. बरेच कॅमेरे ठरलेल्या पांढऱ्याच्या थोडं वरचंही नोंदवून ठेवतात आणि रिझॉल्व्ह ते फेकून देत नाही. रेघ मात्र तशीच सपाट राहून नुसती खाली आली, तर ती माहिती कॅमेऱ्यातच गेली. तिला कुठलाही कर्व्ह परत आणू शकत नाही. अशा जागेला करडं करण्याचा मोह टाळा. मेलेला पांढरा रंग खाली ओढला की कागद चिकटवल्यासारखा दिसतो. तो पांढराच राहू द्यायचा. आमच्या भिंतीचा बराचसा भाग उलगडला, वरचा हातभर तुकडा गेलेला होता. त्याची आशा तिथेच सोडली. चाक रीसेट करून परत जागेवर आणा.

किती उचलायचं याचा हिशेब

घराच्या आत, सावलीत बसलेल्या गव्हाळ चेहऱ्याचा उजळपणा 480 च्या आसपास आला की तो डोळ्यांना बरोबर वाटतो. 312 वरून 480 म्हणजे 1.54 पट.

हा आकडा स्टॉपमध्ये किती? एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. रेक 709 च्या चित्रात उजेड दुप्पट झाला म्हणून आकडा दुप्पट होत नाही, कारण मधे गॅमा असतो. पडद्याचा गॅमा 2.4 धरला तर एक स्टॉप म्हणजे साधारण 1.33 पट, दीड स्टॉप म्हणजे 1.54 पट आणि दोन स्टॉप म्हणजे 1.78 पट. तेव्हा आपला शॉट दीड स्टॉप कमी पडला आहे. हे तीन आकडे मी मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलेत, कारण त्यांच्यामुळे डोळ्याचा अंदाज चुकत नाही. अंधाऱ्या खोलीत तासभर बसलेला डोळा दीड स्टॉपलाही पुरे म्हणतो आणि अडीचलाही.

रंग नक्की कुठे मरतो

तोच गाल तीन रीतींनी 480 ला नेऊन बघू.

पहिली रीत लिफ्टची. बहुतेकांचा हात पहिल्यांदा इथेच जातो, कारण अंधार तिथेच हटताना दिसतो. पण लिफ्ट किंवा ऑफसेट म्हणजे मूलतः भर घालणं. लिफ्टची भर वर जाताना कमी होत जाते एवढंच. सोपं करून प्रत्येक वाहिनीत सरसकट 168 मिळवले, तर लाल 588, हिरवा 468, निळा 278 होतो. निळा अडीच पट झाला. पिवळ्या रंगात निळं जितकं जास्त मिसळेल तितका तो पांढुरका होतो, म्हणून हळद खडूसारखी दिसायला लागते. केस 45 वरून 213 ला गेले, ते राखाडी. मग माणूस सॅच्युरेशन वाढवतो आणि सावलीतला सगळा रंगीत कचरा वर येतो.

दुसरी रीत कर्व्हची. तिन्ही वाहिन्या जोडलेल्या कस्टम कर्व्हवर मधे बिंदू घ्यायचा, वर ओढायचा, आणि वरचं टोक जागेवर राहत असल्यामुळे हायलाइट सुरक्षित, असं शिकवलं जातं. ते खरंही आहे. पण काळ्यापाशी एक बिंदू धरून, 300 ला 462 वर नेऊन आणि 650 ला 800 वर नेऊन बघा. गालाचा हिरवा 462 झाला, लाल मात्र 578 पर्यंतच पोचला, कारण तिथवर कर्व्ह वाकायला लागलेला असतो. आधी लाल हिरव्याच्या 1.4 पट होता, आता 1.25 पट. लाल मागे राहिला आणि हिरवा जवळ आला, म्हणजे रंग केशरीकडून पिवळ्याकडे सरकला. हळदीचा लिंबू होतो तो इथे. लोक याला व्हाइट बॅलन्सची चूक समजतात आणि तापमानाची चाकं फिरवत बसतात.

तिसरी रीत गेनची. गेन म्हणजे गुणाकार. 1.54 ने गुणलं की लाल 647, हिरवा 462, निळा 169. लाल अजूनही हिरव्याच्या 1.4 पटच आहे. रंगाची जात बदलली नाही, फक्त उजेड वाढला. कॅमेऱ्यात एक्स्पोजर दीड स्टॉप जास्त दिलं असतं तर जवळजवळ हेच झालं असतं.

म्हणून माझा नियम असा की चेहरा गेनने उचलायचा आणि कर्व्ह फक्त वरच्या टोकाला वाकवण्यासाठी ठेवायचा. चेहरा ज्या पट्ट्यात येतो त्या पट्ट्यात कर्व्हची रेघ सरळ हवी.

एचडीआर पॅलेटमध्ये `Global` च्या चाकाखाली `Exp` आहे, तिथे थेट 1.50 लिहिता येतं आणि ते स्टॉपमध्येच असतं. कलर मॅनेजमेंट नीट लावलेलं असेल तर ते वापरा, उत्तमच. पण क्लिपचा रंग-अवकाश चुकीचा सांगितला असेल तर ते आकडे फसवे होतात. साध्या रेक 709 च्या कामात गेनमध्ये 1.54 लिहिणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

पहिला नोड: उचलणं, आणि दाराला वगळणं

गेनच्या मोठ्या चाकाने चारही आकडे 1.54 करा. चेहरा आला. आता पॅरेड बघा. अंगणाची भिंत 900 वरून 1386 ला गेली, म्हणजे छताच्या पार बाहेर. घाबरायचं नाही. रिझॉल्व्ह आत 32 बिट फ्लोटमध्ये हिशेब करतो, त्यामुळे 1023 च्या वर गेलेलं चित्र पुढच्या नोडमध्ये खाली आणता येतं. ते कापलं गेलेलं नाही, फक्त दिसत नाही. मात्र मधे कुठे लट, म्हणजे LUT नावाचा रंगबदलाचा तयार तक्ता, लावली असेल तर ती कापू शकते, म्हणून लट असलीच तर सगळ्यात शेवटी.

पण 1386 पासून 1000 च्या आत आणायचं म्हणजे कर्व्ह इतका वाकवावा लागतो की अंगण धुरकट होतं. त्यापेक्षा मुळात दाराला उचलूच नये. कॅमेरा तिवईवर, दार जागचं हलत नाही. त्याच्याभोवती चौकोनी पॉवर विंडो काढा, चौकटीच्या लाकडाच्या मधोमध कडा येईल अशी, आणि विंडो उलटी करा. आता गेन दाराच्या बाहेर लागू होतो. कडेचा मऊपणा चौकटीच्या रुंदीएवढाच ठेवा. जास्त मऊ केली तर भिंतीवर दाराभोवती अंधाराची सावली दिसते आणि तीच पहिली चुगली करते.

इथे एक अडचण येते. कार्यक्रमात माणसं दारासमोरून जाणार. नवरीची मावशी हळदीची वाटी घेऊन दारातून आत येते, तेव्हा ती विंडोच्या आत असते आणि तिला उजेड मिळत नाही. दोन पावलं पुढे आली की एकदम उजळते. हे फार वाईट दिसतं. म्हणून दार पूर्ण वगळायचं नाही, त्यालाही अर्धा स्टॉप द्यायचा. त्याच विंडोचा आउटसाइड नोड काढून त्यात गेन 1.15 करा. मग आत आणि बाहेर फरक एकाच स्टॉपचा उरतो, आणि उन्हातून सावलीत येणाऱ्या माणसाकडे बघताना तो डोळ्याला खटकत नाही. भिंत 900 वरून 1035 ला गेली, ती पुढच्या नोडमध्ये सहज आत येते.

कॅमेरा हातात धरून फिरवलेला असेल तर हाच चौकोन ट्रॅक करावा लागेल. दाराची चौकट स्पष्ट असते, त्यामुळे ट्रॅकर ती चांगली धरतो. ल्युमा क्वालिफायरने फक्त गडद भाग निवडून उचलायची रीतही आहे, पण 8 बिट फुटेजमध्ये त्या निवडीची कडा दर फ्रेमला थरथरते, आणि केसांभोवती प्रभा आल्यासारखी दिसते. नाइलाज असल्याशिवाय मी ती वापरत नाही.

तोरणाची गोष्ट

पॅरेडच का, त्याचं उत्तर इथे आहे. झेंडूचं तोरण माझ्या पहिल्या विंडोच्या वर, चौकटीच्या बाहेर लोंबत होतं, म्हणून त्याला पूर्ण 1.54 चा गेन लागला. लाल 800 वरून 1232, हिरवा 647, निळा 92. वेव्हफॉर्म उजळपणा दाखवतो आणि उजळपणात लालचा वाटा सुमारे एक पंचमांश, हिरव्याचा मात्र सत्तर टक्क्यांहून जास्त. त्यामुळे वेव्हफॉर्मवर हे फूल 730 च्या आसपास दिसतं. वाटतं, अजून पुष्कळ जागा आहे. प्रत्यक्षात लाल वाहिनी कधीच छताला भिडलेली असते.

डोळ्याला ते कसं कळतं? झेंडूच्या पाकळ्यांच्या कडा नाहीशा होतात. दोन पाकळ्यांमधला फरक प्रामुख्याने लालमध्येच होता आणि तो सगळा 1023 वर सपाट झाला. शिवाय लाल अडकला आणि हिरवा वाढत गेला, म्हणून केशरी फूल पिवळं दिसायला लागतं. पडद्यावर पाकळ्यांच्या जागी रंगाचे गोळे दिसले की समजावं. लाल शालू, कुंकू, गुलाल, समईची ज्योत या सगळ्यांत हेच घडतं.

ह्यू कर्व्हने फक्त केशरी खाली आणू म्हटलं तर जमत नाही, कारण हळद लागलेली त्वचा आणि झेंडू रंगचक्रावर शेजारी-शेजारी आहेत. एकाला हात लावला की दुसरी हलते. सोपा उपाय हाच, की चौकोन वर ताणून तोरण त्याच्या आत घ्यायचं. मग फुलाचा लाल 800 वरून 920 ला थांबतो आणि पाकळ्या शाबूत राहतात. तोरण दाराचंच असल्यामुळे त्याचा उजेड दाराबरोबर राहिला तर कुणाला काही वावगं वाटत नाही.

दुसरा नोड: वरचं टोक वाकवणं

आता ओटीवर जे उजळ उरलं आहे ते सांभाळायचं. काकांचा पांढरा सदरा 700 वरून 1078 ला गेला आहे, पितळेच्या ताटावरची चमक त्याहून वर आहे आणि अंगणाची भिंत 1035 वर आहे.

प्रायमरीजमध्ये लॉग चाकं उघडा. तिथे `High Range` चा मूळ आकडा 0.550 असतो, तो 0.650 करा. म्हणजे हायलाइटचं चाक साधारण 665 च्या वरच काम करेल. आपला गालाचा लाल 647 वर आहे, तो जेमतेम खाली सुटतो आणि हेच हवं होतं. आता हायलाइटचं मोठं चाक हळूहळू खाली आणा, सदरा 950 च्या आसपास येईपर्यंत. सदऱ्याच्या चुण्या परत दिसायला लागतात. भिंतही मागोमाग उतरते. चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. कपाळावरची चमक निस्तेज व्हायला लागली तर `High Range` आणखी थोडा वाढवा, कारण या हद्दीची कडा धारदार नसते, तिचा परिणाम थोडा खालीही झिरपतो.

पितळेच्या ताटाची चमक तरीही वर राहील. तिच्यासाठी कस्टम कर्व्हच्या खाली सॉफ्ट क्लिप आहे. त्यातला `H.S.` थोडा वाढवा, चमकेची धारदार कडा मऊ होण्यापुरता. चमक ही चमकच असते, तिच्यात नक्षी शोधायची नसते. ती पांढरी राहिली तरच ताट पितळेचं वाटतं.

कर्व्हनेच हे करायचं असेल तर एवढंच लक्षात ठेवा की कर्णरेषेवर आधी 0 पाशी, मग मधे, मग 650 पाशी बिंदू ठोकून रेघ सरळ जखडायची आणि त्यानंतरच वरचा भाग खाली दाबायचा. बिंदू न ठोकता वरचा भाग ओढला की सगळी रेघ धनुष्यासारखी वाकते आणि आपण पुन्हा लिंबाच्या हळदीवर येतो.

तिसरा नोड: काळं आणि रंग

गुणाकाराने काळंही गुणलं गेलं. केस 45 चे 69 झाले. इथे लिफ्टचा खरा उपयोग आहे, वर नेण्यासाठी नव्हे तर खाली आणण्यासाठी. केसांचा तळ 35 ते 40 वर येईपर्यंत लिफ्टचं मोठं चाक डावीकडे न्या. शून्यावर टेकवू नका. नवरीच्या वेणीतले पेड दिसले पाहिजेत, आणि शून्यावर टेकलेलं चित्र मोबाइलवर आणखी काळं दिसतं.

मग पॅरेडचे तिन्ही तळ बघा. ओटीवर सावलीत जो उजेड येतो तो निम्मा आभाळाचा, निळसर, आणि आमच्या अंगणातल्या आंब्यामुळे थोडा हिरवट. काळ्यात हा रंग आधीही होताच, पण गुणाकाराने दीड पट झाला. केस काळे असायला हवेत, म्हणून लिफ्टच्या रंगचाकाने तिन्ही तळ एका रेषेत आणा. अगदी किंचित सरकवावं लागतं. भिंतीवर किंवा चेहऱ्यावर छटा चढायला लागली तर तुम्ही जास्त गेलात.

सॅच्युरेशनला आत्ता हात लावू नका. लिफ्टने उचललेल्या चित्राला ते वाढवावं लागतं, कारण तिथे रंग पातळ झालेला असतो. इथे वाहिन्यांचं प्रमाण जसंच्या तसं आहे. शिवाय उजेड वाढला की तोच रंग डोळ्याला जास्त भरलेला वाटतो, त्यामुळे हिरवा शालू आपोआप खुलतो. उलट सावलीत मात्र रंग कमी करावा लागतो. 4:2:0 मध्ये रंगाची नोंद उजळपणाच्या चौथ्या हिश्शाने होते आणि कोडेक अंधारातल्या रंगाला सगळ्यात जास्त कात्री लावतो. उचलल्यावर तिथे हिरवे-जांभळे डाग तरंगताना दिसतात. `Lum Vs Sat` कर्व्ह उघडा, डावीकडचं टोक खाली ओढा आणि साधारण सहाव्या हिश्शापाशी एक बिंदू ठोकून पुढची रेघ मूळ जागी ठेवा. गडद कोपरे बेरंगी होतात आणि डाग विरतात. चेहरा त्या पट्ट्यात येत नाही.

त्वचा तपासताना एक गोष्ट जपा. व्हेक्टरस्कोपवर त्वचेची एक रेघ असते आणि चेहरा त्या रेघेवर बसवायचा असं सगळे सांगतात. हळद लागलेला गाल त्या रेघेवर बसणार नाही, बसूही नये. तो पिवळ्याच्या बाजूला असतो, कारण तो खरोखर पिवळा आहे. रेघेवर ओढून बसवला तर हळद तांबूस होते आणि कार्यक्रमच हरवतो. हळद न लागलेली जागा शोधा. मला आईच्या कोपराजवळचा हात मिळाला. त्याच्यापुरती छोटी विंडो लावून, फक्त तेवढाच भाग दाखवणारा हायलाइट मोड चालू करून व्हेक्टरस्कोप पाहिला, तर तो रेघेच्या जवळच होता. मग गालाला हात लावला नाही.

मधेच उजेड बदलतो तेव्हा

ऑटो एक्स्पोजरवर घेतलेल्या शॉटचं आणखी एक दुखणं असतं. सात-आठ सवाष्णी दारासमोर उभ्या राहिल्या, अंगण झाकलं गेलं, आणि कॅमेऱ्याने स्वतःहून उजेड वाढवला. त्या क्षणापासून गालाचा उजळपणा 312 ऐवजी 390 झाला. तिथे 1.54 चा गेन जास्त होतो, 480 ला यायला 1.23 पुरतो.

पहिल्या नोडच्या गेनवर की-फ्रेम द्या. कॅमेरा जिथून उजळायला लागतो त्या फ्रेमवर पहिली, थांबतो तिथे दुसरी, मधे डायनॅमिक. बदल सरळ रेषेत होत नसेल तर मधे आणखी एक पुरते. पॅरेडवर गालाचा पट्टा बघत क्लिप पुढे-मागे सरकवा. तो वर-खाली न होता जागच्या जागी राहिला म्हणजे झालं. दाराच्या आउटसाइड नोडलाही त्याच फ्रेमवर की-फ्रेम लागते, हे विसरलं जातं आणि मग चेहरा स्थिर, दार मात्र श्वास घेतल्यासारखं हलतं.

दाणे, आणि किती सोसायचे

दीड स्टॉप उचलल्यावर दाणे दिसणारच. त्यांचा बंदोबस्त गेनच्या आधीच्या नोडमध्ये करायचा, कारण तिथे ते अजून गुणले गेलेले नसतात. स्टुडिओ आवृत्तीत नॉइज रिडक्शन आहे, त्यात क्रोमा आणि ल्युमाची जोडणी सोडून क्रोमा जास्त, ल्युमा कमी ठेवा.

मोफत आवृत्तीत ते नाही, पण रंगाचे दाणे तरी घालवता येतात. सुरुवातीला एक नवा नोड घ्या, त्यावर राइट क्लिक करून `Color Space` मध्ये `Lab (CIE)` निवडा, मग `Channels` मध्ये पहिल्या चॅनलची खूण काढा. पहिल्या चॅनलमध्ये उजळपणा असतो, तो आता अलिप्त राहतो. मग ब्लर पॅलेटमध्ये रेडियस 0.50 वरून 0.53 च्या आसपास न्या. रंग विरतो, तपशील तसाच राहतो. जास्त केलंत तर हळदीचा पिवळा शालूच्या काठावर ओघळलेला दिसतो. गळ्यापाशी, जिथे पिवळं आणि हिरवं भिडतं, तिथे झूम करून बघा.

उजळपणातले बारीक दाणे मात्र पुसून टाकू नका. नवरीच्या मागची ओटीची भिंत मूळ फुटेजमध्ये 120 ते 200 एवढ्या पट्ट्यात होती. 8 बिटच्या नोंदीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 219 पायऱ्या असतात, त्यातल्या जेमतेम 17 या भिंतीच्या वाट्याला आल्या. उचलल्यावर भिंत 185 ते 308 एवढी पसरली, पायऱ्या मात्र 17 च राहिल्या. दाणे असतील तर ते या पायऱ्यांच्या कडा मोडतात आणि भिंत अखंड वाटते. दाणे साफ पुसले की भिंतीवर नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे उमटतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर ते दुप्पट ठळक होतात.

कुठे थांबायचं

8 बिट फुटेजमध्ये दीड स्टॉप नीट जमतो, दोन स्टॉप ओढाताणीने जमतो. त्यापुढे काही खुणा दिसायला लागतात. भिंतीवर पट्टे येतात. गालावर कोडेकचे चौकोन दिसतात. क्लिप चालू असताना दाणे ठरावीक अंतराने एकदम गायब होऊन परत येतात, कारण कोडेकच्या प्रत्येक पूर्ण फ्रेमला चित्र नव्याने बांधलं जातं. यातली एक जरी खूण पूर्ण पडद्यावर चालत्या क्लिपमध्ये दिसली, तर गेन एका स्टॉपवर, म्हणजे 1.33 वर आणा.

मग चेहरा थोडा गडद राहतो. तेव्हा उरलेलं काम दाराकडून करून घ्यायचं. दाराच्या आउटसाइड नोडचा गेन 1.15 वरून 1.00 वर आणा, म्हणजे अंगण कॅमेऱ्याने घेतलं तसंच राहील. डोळा उजेड शेजारच्या उजेडाशी ताडून बघतो. मागचं दार उतरलं की चेहरा न उचलताही पुढे येतो. त्या लग्नातल्या दुसऱ्या एका शॉटमध्ये, जिथे नवरी दाराच्या अगदी शेजारी बसली होती, मी हेच केलं. त्यात तिचा चेहरा 415 वर आहे आणि पाहताना तो कमी वाटत नाही.

शेवटी `Shift+D` दाबून आधीचं आणि नंतरचं चित्र आलटून-पालटून बघा, पण उजेडासाठी नाही, रंगासाठी. आधीच्या काळवंडलेल्या चित्रात हळद केशरीकडे किती झुकलेली होती, झेंडूच्या पाकळ्या किती मोजता येत होत्या, शालूचा हिरवा कोणता होता, ते बघा. नंतरच्या चित्रात तेच रंग तिथेच सापडले पाहिजेत. मग क्लिप एक्सपोर्ट करून मोबाइलवर पाठवा, मोबाइलचा उजेड निम्म्यावर ठेवून बघा, कारण नवरीची आई ती तिथेच बघणार आहे.

मी ती क्लिप त्याच संध्याकाळी पाठवली. त्यांनी परत फोन केला तेव्हा चेहऱ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. "अहो, त्या दारात मागं उभी आहे ती माझी सासू," म्हणाल्या, "ती आली होती हे मला माहीतच नव्हतं."